पंपाचं मॅन्युअल मशीनला मराठीत टाकायला द्यायच्या आधी त्याचं इंग्रजीच दुरुस्त केलं, त्याची गोष्ट

आमचं ऑफिस म्हणजे नागपूरला धरमपेठेतल्या एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर दोन टेबलं, एक प्रिंटर आणि एक कुलर जो मे महिन्यात आवाज जास्त आणि हवा कमी देतो. कामं येतात ती बहुतेक भाषांतराची, पत्रकं, फॉर्म, मशिनीची मॅन्युअलं. या वेळेस आलं ते बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपाचं मॅन्युअल, पाठीवर घ्यायचा १६ लिटरचा पंप, काटोल-कळमेश्वर-नरखेडकडे संत्र्यावर आणि कपाशीवर औषध मारायला आता सगळीकडे दिसतो तोच. इंग्रजी मॅन्युअल चाळीसेक पानांचं, मराठी आणि हिंदी दोन्ही पाहिजे, आणि पार्टीचं म्हणणं की मशीन ट्रान्सलेशन वापरा, मग तुम्ही दुरुस्त करा, म्हणजे पैसे कमी लागतील.

आता मशीनचं मराठी दुरुस्त करणं हे काय काम आहे ते ज्याने केलं त्यालाच माहीत. वरवर वाचलं तर ठीकच वाटतं, आणि तीच गोची आहे. आधीच्या काळातलं मशीनचं मराठी तुटकं असायचं, चूक डोळ्यात भरायची. आताचं न्यूरलवालं वाक्य गुळगुळीत देतं, अर्धं वाक्य गाळलं तरी गुळगुळीतच देतं, म्हणून प्रत्येक ओळ इंग्रजीशी लावून पाहावी लागते. आणि मराठी दुरुस्त केलं की तीच चूक हिंदीत परत दुरुस्त करा. तर आम्ही ठरवलं की खाली पोछा मारत बसण्यापेक्षा वरचा नळ बंद करू, म्हणजे इंग्रजीच असं लिहून देऊ की मशीनला अंदाज मारायला जागाच उरणार नाही. याला प्री-एडिटिंग म्हणतात आणि हे काही नवीन खूळ नाही. मिहानमध्ये विमानांच्या मेंटेनन्सला असलेला माझा मावसभाऊ सांगत होता की त्यांच्याकडची मॅन्युअलं ठरलेल्या साध्या इंग्रजीतच येतात, एएसडी-एसटीई१०० नावाचं स्टँडर्ड आहे, कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, माहिती देणारं २५ शब्दांचं, आणि नामाला नाम चिकटवत नेलं तर तीनच्या पुढे नाही. ते नियम माणसांसाठी केलेत, ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे अशा मेकॅनिकसाठी. पण मशीनलाही तेच लागू पडतात.

पहिलं काम अगदीच हमालीचं निघालं. मॅन्युअल पीडीएफमध्ये, तिथून कॉपी केलं की प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी एन्टर येतो. टूलला वाटतं तिथे वाक्य संपलं, मग अर्ध्या वाक्याचं वेगळं भाषांतर आणि उरलेल्या अर्ध्याचं वेगळं. मराठीत क्रियापद शेवटी येतं ना, तर पहिल्या अर्ध्याला टूल आपल्या मनचं क्रियापद लावून मोकळं होतं. तसंच 'अप्रॉक्स' आणि 'मॅक्स' च्या पुढे जो टिंब असतो तिथेही वाक्य तुटतं, कधी तुटतं कधी नाही. म्हणून आधी सगळ्या ओळी जोडल्या, शॉर्टफॉर्म पूर्ण लिहिले. एवढ्यानेच आउटपुट एवढं सुधारलं की ऑफिसातली ताई म्हणाली, भाऊ, थांबा इथेच, बाकीचं हाताने करू. पण थांबलो नाही, काऊन की खरी भानगड पुढे होती.

भानगड नंबर एक म्हणजे नावं. इंग्रजी लिहिणाऱ्याला शाळेत शिकवलेलं असतं की एकच शब्द परत परत वापरू नये. त्यामुळे टाकीला कुठे टँक, कुठे कंटेनर, कुठे रिझर्व्हॉयर. पंपाला कुठे स्प्रेयर, कुठे युनिट, कुठे इक्विपमेंट. मशीनने मग इमानदारीने टाकी, कंटेनर, जलाशय असं दिलं. जलाशय! म्हणजे पाठीवर अंबाझरी तलाव घेऊन चालला माणूस. आणि ज्या लांब दांडीला पुढे नोझल असतो तिला इंग्रजीत लान्स म्हणतात, त्याचं झालं भाला. 'भाला स्वतःपासून दूर धरा' हे वाचून दिवसभर हसलो, पण हसून काम होत नाही. इथे एक गोष्ट लक्षात आली जी पुढे सगळीकडे कामी आली. आपण जे इंग्रजी सुधारून राहिलो ते छापायचं नाहीच आहे. ते फक्त मशीनला खाऊ घालायचं आहे. म्हणून त्यात सौंदर्य पाहायची गरज नाही, लान्सच्या जागी सरळ स्प्रे पाईप लिहा, दहा वेळा टँक टँक लिहा, इंग्रजीचा मास्तर रागावला तर रागावू द्या. आम्ही एक छोटी यादी केली, एका वस्तूला एकच नाव, आणि फाईंड-रिप्लेस न करता एकेक जागा पाहून बदललं, कारण कंटेनर हा शब्द औषधाच्या डब्यासाठीही होता आणि तिथे टँक घातलं असतं तर 'रिकामा डबा फेकून द्या' च्या जागी टाकी फेकून द्या असं झालं असतं.

आता ज्या वाक्याने आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ते देतो. फवारणी झाल्यावर पंप धुवायचा, त्याचं हे वाक्य:

```
After spraying, any remaining solution should be drained and
the container, which must not be rinsed near wells or streams,
refilled with clean water and the unit run until it sprays
clear, making sure the lance is pointed away from the operator.
```

ओळी जोडून टाकल्यावर टूलने दिलं: 'फवारणीनंतर, उर्वरित कोणतेही द्रावण काढून टाकले पाहिजे आणि कंटेनर, जे विहिरी किंवा ओढ्यांजवळ धुतले जाऊ नये, स्वच्छ पाण्याने पुन्हा भरले पाहिजे आणि युनिट स्पष्ट फवारणी होईपर्यंत चालवले पाहिजे, भाला ऑपरेटरपासून दूर आहे याची खात्री करून.'

शब्दाला शब्द पाहिला तर फारसं काही गाळलेलं नाही, परीक्षेत अर्धे मार्क मिळतील. पण शेतात उभा राहून हे वाचणाऱ्याला काय समजेल? 'जे' कोणाला लागतं ते शोधायला मागे जावं लागतं, कारण इंग्रजीत अशी मधे घुसवलेली माहिती नामाच्या मागून येते आणि मराठीत एकतर ती नामाच्या आधी यायला पाहिजे नाहीतर जो-तो असं जोडीने बांधायला पाहिजे. मशीन इंग्रजीचाच क्रम ठेवतं आणि दोन स्वल्पविरामांत कोंबतं. 'पाहिजे, पाहिजे, पाहिजे' हे इंग्रजीतल्या पॅसिव्हमुळे, तिथे कर्ता नाही म्हणून इथेही नाही. 'स्पष्ट फवारणी' तर सरळ 'स्प्रेज क्लिअर' मधून आली. आणि शेवटची गोष्ट भाषेची नाहीच, क्रमाची आहे. दांडी अंगापासून दूर धरायची हे वाक्याच्या शेवटी आलं, तोपर्यंत वाचणाऱ्याने पंप चालू केलेला असेल.

तर आम्ही बसून ते असं केलं:

```
Do these steps after you spray.
Do not wash the tank near a well or a stream.
1. Empty the tank.
2. Fill the tank with clean water.
3. Point the spray pipe away from your body.
4. Start the pump.
5. Run the pump until only clean water comes out of the nozzle.
```

पण हे लिहिता लिहिता पहिल्याच पायरीवर अडकलो. टाकी रिकामी करा, ठीक आहे, पण कुठे? मूळ इंग्रजीत 'शुड बी ड्रेन्ड' एवढंच, ते एवढं मोघम आहे की लांब वाक्यात खपून जातं, कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि छोटं वाक्य केलं की भोक दिसतं. औषधाचं पाणी आहे ते, नालीत ओतलं तर? मग पार्टीच्या कृषीवाल्या सरांना फोन केला. ते म्हणाले की मुळात लागेल तेवढंच द्रावण बनवायचं, आणि उरलं तर ज्या शेतात फवारलं त्याच शेतात फवारून संपवायचं, धुतलेलं पाणीही तिथेच. म्हणजे पहिली पायरीच बदलली आणि वरच्या सूचनेत कुठे धुवायचं तेही आलं. हे मशीनने कधीच सांगितलं नसतं, आणि खरं सांगू तर सरळ मराठी दुरुस्त करत बसलो असतो तर आम्हीही विचारलं नसतं, 'काढून टाका' लिहून पुढे गेलो असतो. २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणी करता करता विषबाधेने जे झालं ते विदर्भात कोणाला सांगायला नको, त्यामुळे या पानांवर आम्ही जरा जास्तच किचकिच केली.

नव्या इंग्रजीवर मशीनने दिलेलं मराठी: 'नोझलमधून फक्त स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत पंप चालवा.' 'स्प्रे पाईप तुमच्या शरीरापासून दूर ठेवा.' आता याला हात लावायची गरजच नाही जवळजवळ, शरीराच्या जागी अंग केलं की झालं. फक्त पहिलं वाक्य 'तुम्ही फवारणी केल्यानंतर या पायऱ्या करा' असं आलं, पायऱ्या काय करायच्या असतात का, ते हाताने 'फवारणी झाल्यावर पुढची कामं या क्रमाने करा' असं केलं.

पुढची भानगड नकाराची, आणि ही सगळ्यात डेंजर. 'अनलेस' आणि 'अनटिल' च्या आजूबाजूला 'नॉट' असला की समजा तिथे थांबून विचार करायचा आहे. हे पाहा:

```
Do not remove the nozzle unless the pump has been switched
off and the pressure released.
```

मशीनचं मराठी: 'पंप बंद केला नसेल आणि दाब सोडला नसेल तर नोझल काढू नका.' ताईने वाचलं, मी वाचलं, दोघांनाही बरोबर वाटलं. मग तिने परत वाचून विचारलं, पंप बंद केला पण दाब सोडला नाही, मग काढू का नको? इंग्रजीत दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय काढायचा नाही. मराठीत 'हेही नसेल आणि तेही नसेल तर' नको, म्हणजे एक झालं असेल तर चालते असा अर्थ निघतो. 'आणि' च्या जागी 'किंवा' पाहिजे होतं, नाहीतर 'केल्याशिवाय'. एवढीशी गोष्ट, पण दाबाखाली असलेला नोझल उघडला तर औषध सरळ तोंडावर. आता इथे मराठी दुरुस्त करता आलं असतं, पण असलीच वाक्यं पुढे कितीतरी होती आणि प्रत्येक वेळी आपलं लक्ष राहीलच याची काय गॅरंटी. म्हणून इंग्रजीतूनच 'अनलेस' हद्दपार केला. आधी काय करायचं ते आधी लिहिलं: पंप बंद करा, ट्रिगर दाबून दाब सोडा, मग नोझल काढा. आणि मनाई वेगळी, स्वतंत्र वाक्यात, पंप चालू असताना किंवा दाब असताना नोझल काढू नका. मनाई पुसून टाकायची नाही हे महत्त्वाचं, सोपं करायच्या नादात लोक इशाराच उडवून टाकतात आणि मग ती नुसती कृती राहते.

पण सगळे 'अनटिल' वाईट नाहीत. वर पाचव्या पायरीत आहेच, तिथे नकार नाही म्हणून 'येईपर्यंत' असं सुरेख येतं.

'इफ' बद्दल एक साधी युक्ती. इंग्रजीत बहुतेक वेळा आधी 'असं करू नका' आणि मग 'जर तसं असेल तर'. आम्ही सगळीकडे 'इफ' पुढे आणला, कारण मराठीत आपण बोलतो तेच तसं, टाकी रिकामी असेल तर पंप चालू करू नका. आणि अट आणि कृती एकाच वाक्यात ठेवली. आमच्याकडे एक इंटर्न मुलगा होता, त्याला छोट्या वाक्यांचा एवढा नाद लागला की 'लाल लाईट लागली आहे. पंप वापरू नका.' असं दोन तुकड्यांत केलं. आता हे वाचणाऱ्याला वाटेल पंप नेहमीसाठीच वापरू नका, आणि लाल लाईट कुठे लागली आहे ते शोधत बसेल.

मग 'इट'. टूल बहुतेक एका वेळी एकच वाक्य पाहतं, मागच्या वाक्यात बॅटरीची गोष्ट चालली होती हे त्याला माहीत नसतं निदान भरवसा तरी नाही. इंग्रजीत 'इट' ला लिंग नाही, मराठीत पंप तो, बॅटरी ती, झाकण ते. 'डू नॉट फोर्स इट' चं आलं 'त्याला जबरदस्ती करू नका', जणू जेवायला बसलेल्या पोराबद्दल बोलून राहिलो. ते केलं 'डू नॉट पुश द बॅटरी विथ फोर्स', झालं 'बॅटरी जोराने ढकलू नका'. सगळे 'इट', 'धिस', 'दीज' शोधून नाव घातलं. कंटाळवाणं काम आहे पण डोकं लागत नाही, संध्याकाळी चहा घेता घेता होते.

एवढं सगळं छोटं छोटं केल्यावर वाटलं होतं की शेवटचा मेंटेनन्सचा टेबल तर आपोआप निघेल, तिथे आधीपासूनच दोन-दोन शब्दांची वाक्यं आहेत. तिथेच सगळ्यात जास्त फजिती.

```
Check valve
Empty tank
Clean filter
```

टूलने दिलं 'व्हॉल्व्ह तपासा', 'रिकामी टाकी', 'स्वच्छ फिल्टर'. तीनपैकी तिन्ही चूक, कारण पहिला हा एक पार्ट आहे, पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, आणि खालचे दोन हे हुकूम आहेत. इंग्रजीत 'एम्प्टी' आणि 'क्लीन' विशेषणही आहे आणि क्रियापदही, आणि जागा वाचवायला लिहिणाऱ्याने 'द' खाऊन टाकला. तो 'द' परत घातला की मशीन लगेच सरळ येतं, 'एम्प्टी द टँक' म्हटलं की दुसरा अर्थ निघूच शकत नाही. व्हॉल्व्हचं नाव नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह केलं, विहिरीवरच्या मोटारवाल्यांना एनआरव्ही माहीतच असतो. तर सोपं म्हणजे छोटं असं नाही. वाक्य लांब करून सोपं झालं अशी या टेबलात निम्मी उदाहरणं निघाली.

तपासायचं कसं, हा प्रश्न पार्टीनेही विचारला. त्यांच्याकडच्या एकाने सुचवलं की मराठी परत मशीनलाच इंग्रजीत टाकायला द्या आणि मूळाशी जुळवून पाहा. करून पाहिलं. भाला परत लान्स झाला, एकदम परफेक्ट! म्हणजे मराठी बेकार असलं तरी इंग्रजीत परत जाताना ते झाकलं जातं, चूक जशी गेली तशी परत येते. त्यापेक्षा आम्ही दोन साध्या गोष्टी केल्या. एक, प्रत्येक पानावर इंग्रजीत किती नकार आहेत आणि मराठीत 'नका, नये, नाही' किती आहेत ते मोजलं, जिथे आकडा जुळला नाही तिथे वाक्य उघडून पाहिलं. सगळ्या वेळी चूक असतेच असं नाही, 'केल्याशिवाय' मध्ये नकार लपलेला असतो, पण गाळलेली मनाई सापडायला हा रस्ता लवकरचा. आकड्यांचंही तसंच, लिटर, मिनिटं, व्होल्ट. दोन, कळमेश्वरकडचे ओळखीचे एक काका आहेत, संत्रा आहे त्यांचा, इंग्रजीचा संबंध नाही, त्यांना मराठी पानं दिली आणि पंप समोर ठेवला, वाचा आणि करा, आम्ही बोलणार नाही. काका चष्मा लावून वाचून राहिले, करून राहिले, आणि 'दाब सोडा' वर थांबले. म्हणे, कोणावर सोडू? मग तिथे 'पाईपातला दाब' असं केलं, इंग्रजीतही 'द प्रेशर इन द पाईप' घातलं म्हणजे हिंदीतही तेच येईल.

काही गोष्टी मात्र कितीही इंग्रजी घासलं तरी सुधरत नाहीत. नोझल एका पानावर 'तो बंद झाला' आणि दुसऱ्यावर 'ते बंद झाले', उसन्या शब्दाचं लिंग मशीन दर वेळी नव्याने ठरवतं. ते हातानेच एकसारखं करावं लागलं. आणि सगळं करा, भरा, दाबा, काढा असं ठोकळ्यासारखं येतं, एका लयीत, मनाईच्या आणि साध्या वाक्याच्या सुरात फरकच नाही. दोन-दोन वाक्यं 'करून', 'झाल्यावर' ने परत जोडली तेव्हा कुठे माणसाने लिहिल्यासारखं झालं. म्हणजे इंग्रजीत तोडलं आणि मराठीत जोडलं, ऐकायला येड्यासारखं वाटते, पण मशीनकडून अर्थ बरोबर काढून घ्यायला तोडावंच लागतं.

वॉरंटीच्या पानाला आम्ही हात लावला नाही. तिथलं वाक्य सात ओळींचं आहे, पण ते वकिलाने तसं मुद्दाम लिहिलेलं असतं, त्याचा एक 'ऑर' इकडचा तिकडे झाला तर उद्या भांडण आपल्या अंगावर, म्हणून ते मशीनला न देता सरळ माणसाने भाषांतर केलं आणि पार्टीकडून सही करून घेतलं. बाकी सुधारलेलं इंग्रजी छापायचं नसलं तरी ते पार्टीच्या इंजिनीअरला दाखवून घेतलं, कारण सोपं करताना अर्थ हलला का हे तोच सांगू शकतो. त्याने दोन-तीन जागा बदलल्या आणि ती फाईल ठेवून घेतली. पुढच्या मॉडेलचं मॅन्युअल आलं तेव्हा त्यात लान्सच्या जागी स्प्रे पाईप लिहिलेलं होतं, 'अनलेस' मात्र तसेच होते.